तीन वर्षांची विक्री, बारा निर्देशांक आणि एप्रिलचा खड्डा

आमचं दुकान वह्या, दप्तरं, पेनं आणि ऑफिसच्या किरकोळ सामानाचं. खरेदी दादा बघतो, हिशेब माझ्याकडे. शाळा सुरू होताना विक्री उसळते हे सांगायला कागद लागत नाही. पण मे महिन्यात साधारण महिन्याच्या किती पट माल लागेल, आणि तो आणायला पैसा कोणत्या महिन्यात, किती कमी पडेल, याचं उत्तर अंदाजानं मिळत नव्हतं. म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला मागच्या तीन वर्षांची महिनावार विक्री एका खाली एक मांडली आणि प्रत्येक महिन्याचा हंगामी निर्देशांक काढायला बसले. इथले सगळे पैशांचे आकडे हजारांत आहेत.

निर्देशांक म्हणजे एवढंच, की सरासरी महिना १०० धरला तर हा महिना किती. पहिल्या वर्षाची एकूण विक्री २६४०, दुसऱ्याची ३०२४ आणि तिसऱ्याची ३१७४ होती. सगळ्यात सोपी रीत म्हणजे प्रत्येक महिन्याला त्याच वर्षाच्या मासिक सरासरीनं भागायचं. मी आधी तेच केलं, आणि दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरपाशी थांबले.

पहिल्या वर्षी नोव्हेंबरची विक्री १८०, तिसऱ्या वर्षी २१८, आणि मधल्या वर्षी ३१८. बिलांची फाइल काढली तेव्हा एकच बिल १२० चं निघालं. एका संस्थेनं कुठल्याशा कार्यक्रमासाठी फाइली आणि लेखन-संच एकरकमी घेतले होते, आणि त्यानंतर ती संस्था पुन्हा आली नव्हती. असं बिल हंगामाचा भाग नसतं. ते मी वेगळ्या रकान्यात टाकलं आणि नोव्हेंबर १९८ धरला. दुसऱ्या वर्षाची एकूण विक्री मग २९०४ झाली, म्हणजे महिन्याला सरासरी २४२. पहिल्या वर्षाची सरासरी २२०, तिसऱ्याची २६४.५. वाढ पहिल्यांदा दहा टक्के, नंतर नऊच्या आसपास.

हे काम गणिताच्या आधी करावं लागतं, कारण तीन वर्षांच्या नोंदींत एखादा विचित्र महिना सरासरीत विरघळून जात नाही. पुढे दिसेल तसं, प्रत्येक महिन्याला तुलनेसाठी जेमतेम दोन आकडे मिळतात. ते बिल तसंच ठेवलं असतं तर नोव्हेंबरचे दोन आकडे ७९ आणि १२३ आले असते आणि सरासरी १०१ निघाली असती. म्हणजे आमचा मंदीचा महिना कागदावर सरासरीचा झाला असता. दोन आकड्यांत फरक पडला की काहीतरी वेगळं घडलं एवढं कळतं. खरा कोणता, हे फक्त बिलं सांगतात.

आता वाढीचा प्रश्न. विक्री वर्षभर हळूहळू वाढत असेल, तर वर्षाच्या सरासरीनं भागताना जानेवारीवर अन्याय होतो आणि डिसेंबरला फुकटचा फायदा मिळतो. जानेवारी कमी दिसतो तो थोडा हंगामामुळे आणि थोडा दुकान तेव्हा लहान होतं म्हणून. हे दोन वेगळे करायला सरकती सरासरी लागते: ज्या महिन्याचा निर्देशांक हवा, त्याच्या दोन्ही बाजूंचे मिळून बारा महिने घ्यायचे. बारा हा सम आकडा असल्यामुळे मधोमध एक महिना येत नाही, म्हणून एकमेकांपासून एक महिना सरकलेल्या दोन बारमाही सरासऱ्या काढून त्यांची पुन्हा सरासरी घ्यायची. विक्री B2 पासून B37 पर्यंत असेल तर पहिल्या वर्षाचा जुलै आठव्या ओळीत येतो, आणि तिथे सूत्र असं:

```
C8: =(AVERAGE(B2:B13)+AVERAGE(B3:B14))/2
D8: =B8/C8*100
```

हे एकतिसाव्या ओळीपर्यंत खाली ओढायचं. फरक किती पडतो ते दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीवर पाहा. विक्री १८४. वर्षाच्या सरासरीनं भागली तर ७६ येतात. त्या जानेवारीभोवतीची सरकती सरासरी २३२.७ आहे, तिनं भागल्यावर ७९. डिसेंबरचं उलट: साध्या रीतीनं ९१, सरकत्या सरासरीनं ८९. दोन-तीन अंक किरकोळ वाटतात, पण जानेवारीत माल जवळजवळ चार टक्के कमी आणि डिसेंबरात दोन टक्के जास्त मागवला, तर मंदीच्या काळात पैसा नेमका चुकीच्या टोकाला अडकतो.

मात्र या रीतीची किंमत मोजावी लागते. पहिले सहा महिने आणि शेवटचे सहा महिने यांना दोन्ही बाजूंचे शेजारी मिळत नाहीत. छत्तीस महिन्यांतून चोवीसच गुणोत्तरं हाती येतात. जुलै ते डिसेंबर यांची गुणोत्तरं पहिल्या आणि दुसऱ्या वर्षातून येतात, जानेवारी ते जून यांची दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षातून. हे वाक्य मी वहीत ठळक लिहून ठेवलं आहे, कारण पुढचा सगळा घोळ याच सांध्यावर झाला.

बहुतेक महिन्यांचे दोन आकडे एकमेकांना छान धरून होते. फेब्रुवारी ७५.० आणि ७५.६, एप्रिल ९७.५ आणि ९७.७, सप्टेंबर ७६.२ आणि ७५.६. असं जुळलं की त्या महिन्याचा स्वभाव पक्का आहे असं समजून पुढे जाता येतं. मे मात्र १३१.९ आणि ११४.६ असा फाटला होता. जूनही १९२.४ वरून १८५.१ वर आला होता. आणि जुलै, ११७.९ आणि ११८.६, अगदी शांत.

त्यातच एक तपासणी करायची असते. बारा निर्देशांकांची बेरीज १२०० यायला हवी, कारण सरासरी १०० धरली आहे. माझी आली ११८९. अशा वेळी सांगितलेली रीत अशी, की प्रत्येक निर्देशांकाला १२०० भागिले ११८९ नं गुणायचं म्हणजे बेरीज जुळते. एखाद-दोन अंकांचा फरक असेल तर ते ठीकच आहे, तो आकडे गोल केल्यामुळे आणि वाढ एकसारखी नसल्यामुळे येतो. पण अकरा अंक मला खटकले. अकरा म्हणजे आमच्या फेब्रुवारीच्या विक्रीचा जवळजवळ सातवा हिस्सा. तो बारा महिन्यांत थोडा थोडा वाटून टाकायचा, तर आधी तो गेला कुठे हे कळायला हवं होतं.

दादाला मे दाखवला. तो म्हणाला, "अगं, गेल्या वर्षी शाळा दोन आठवडे उशिरा सुरू झाल्या नव्हत्या का? मेअखेरीस आपण माल घेऊन बसलो होतो, आणि जुलैत दप्तरं कमी पडली."

सगळं तिथेच उलगडलं. तिसऱ्या वर्षी मेची विक्री घटली, कारण गिऱ्हाईक पुढे सरकलं. ते गिऱ्हाईक जुलैत आलं: त्या जुलैची विक्री ३६६ आहे, आदल्या वर्षी २८८ होती. पण तिसऱ्या वर्षाच्या जुलैचं गुणोत्तर माझ्या कोष्टकात निघतच नाही, कारण त्याच्या पुढचे सहा महिने अजून पूर्ण झालेले नव्हते. मेमधून वजा झालेलं निर्देशांकात आलं, जुलैत जमा झालेलं आलंच नाही. गळालेले अकरा अंक ते हेच. आणि मी १२०० जुळवायला सरसकट गुणलं असतं, तर जुलैची दप्तरं फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या खात्यावर चढली असती.

म्हणून मे, जून आणि जुलै वेगवेगळे न बघता एक गट म्हणून बघितले. इथे सरकती सरासरी बाजूला ठेवून वर्षाच्या सरासरीचीच साधी रीत वापरली. गट वर्षाच्या मधोमध असल्यामुळे वाढीचा परिणाम तिथे नगण्य असतो, आणि तिन्ही वर्षं हाती येतात. पहिल्या वर्षी तिघांच्या निर्देशांकांची बेरीज ४४१, दुसऱ्या वर्षी ४४१, तिसऱ्या वर्षी ४३६. म्हणजे हंगाम एकूण जेवढा होता तेवढाच राहिला, फक्त आत सरकला. आधीची सरासरीनं काढलेली तिघांची बेरीज ४३० होती. तिच्या जागी ४४० ठेवल्यावर बाराची बेरीज ११९९ आली. मला याचं फार समाधान वाटलं, कारण हे जुळणं कुठलाही आकडा रेटून आणलेलं नव्हतं.

आता माझ्याकडे मे, जून, जुलैसाठी एक नाही, दोन वाटण्या आहेत. शाळा नेहमीच्या वेळी सुरू झाल्या तर १३१, १९१, ११८. उशिरा सुरू झाल्या तर ११४, १८५, १३८. नुसती सरासरी घेतली असती तर मे १२३ आला असता, आणि १२३ चा मे आमच्या दुकानात कधी आलेलाच नाही. तारीख पुढेमागे होणाऱ्या कुठल्याही घटनेवर ज्याचा हंगाम अवलंबून आहे, त्याला ही अडचण येणारच: दोन महिन्यांत आलटून पालटून येणारं शिखर सरासरीत दोन ठेंगण्या टेकड्या होऊन बसतं. ओळखायची खूण सोपी आहे. एका महिन्याचे आकडे फाटलेले असतील, शेजारचे उलट दिशेनं फाटलेले असतील आणि दोघातिघांची बेरीज मात्र स्थिर असेल, तर विक्री बदललेली नाही, तारीख बदलली आहे.

बाकीचे महिने, बहुतेक आकडे गोल करून, असे ठरले: जानेवारी ७९.५, फेब्रुवारी ७५, मार्च ८८, एप्रिल ९८, ऑगस्ट ८६, सप्टेंबर ७६, ऑक्टोबर ८९, नोव्हेंबर ८०, डिसेंबर ८८.

मालाकडे वळण्याआधी एक मर्यादा सांगते. वहीत विक्री असते, मागणी नसते. दप्तरं संपल्यावर जे गिऱ्हाईक परत गेलं त्याची नोंद कुठेच नाही. तिसऱ्या वर्षाच्या जुलैत दादा म्हणतो तसा माल कमी पडला असेल, तर ४३६ आणि ४४१ मधला फरक कदाचित तोच आहे. म्हणून उशिराच्या वाटणीतला १३८ मी किमान समजते. शिवाय हे निर्देशांक पूर्ण दुकानाचे आहेत. ऑफिसच्या सामानाला शाळेच्या तारखेशी घेणं नाही. माल मागवताना शाळेचं सामान आणि बाकीचं असे दोन गट करून तीच रीत पुन्हा लावली. त्याहून बारीक, एकेका वस्तूपर्यंत गेले नाही. महिन्याला दहा-वीस नग जाणाऱ्या वस्तूचे निर्देशांक योगायोगानंच इतके हलतात की त्यांवर काही ठरवता येत नाही. पैशाचं गणित मात्र पूर्ण दुकानाच्या आकड्यांवरच होतं.

चौथ्या वर्षासाठी मासिक सरासरी २८८ धरली, म्हणजे पुन्हा नऊ टक्के वाढ. ती वर्षभर सारखी न ठेवता जानेवारीला २७७ पासून दर महिन्याला २ नं चढवली, कारण निर्देशांक सरकत्या सरासरीवरून काढले असतील तर ते चढत्या पातळीलाच लावायचे असतात. प्रत्येक महिन्याची पातळी गुणिले निर्देशांक, बाकीच्या महिन्यांचा गोल करण्याआधीचा. जानेवारी २२०, फेब्रुवारी २१०, मार्च २४६, एप्रिल २७६, मे ३७३, जून ५४८, जुलै ३४१, ऑगस्ट २५१, सप्टेंबर २२२.

आता पैसा. विक्रीच्या शंभरातले सत्तर मालाचे जातात. माल विकायच्या एक महिना आधी दुकानात यावा लागतो. पुरवठादार ऑर्डर देताना, म्हणजे विक्रीच्या दोन महिने आधी, अर्धे पैसे घेतो आणि माल पोचल्यावर उरलेले. भाडं, पगार, वीज आणि घरखर्चाला घेतो ते धरून महिन्याला ५५ जातात. आमची विक्री रोखीची, त्यामुळे येणारा पैसा त्याच महिन्यात येतो. म्हणजे कुठल्याही महिन्यात मालासाठी जाणारी रक्कम त्या महिन्याच्या विक्रीवर ठरतच नाही, पुढच्या दोन महिन्यांच्या विक्रीवर ठरते. दोन्हींची बेरीज करायची आणि तिचे पस्तीस टक्के घ्यायचे.

एप्रिलचं उदाहरण घेते. येणार २७६. मे आणि जूनची विक्री मिळून ९२१, तिचे पस्तीस टक्के ३२२. वर खर्च ५५. एप्रिलमध्ये १०१ कमी पडतात. त्याआधी फेब्रुवारीत २८ आणि मार्चमध्ये ३६ कमी पडलेले असतात, जानेवारीत ५ उरलेले. एप्रिलअखेर एकूण खड्डा १६०. मेमध्ये आवक आणि जावक जवळपास बरोबरीची, ७ उरतात. जूनमध्ये मात्र एकदम २८६ शिल्लक, कारण तेव्हा मागवायचा असतो तो जुलै-ऑगस्टचा माल आणि विकला जात असतो तो शिखराचा.

एप्रिलचा विक्रीचा निर्देशांक ९८ आहे, म्हणजे अगदी सरासरी महिना. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला तो बरा चालल्यासारखा वाटतो. आणि पैशाच्या दृष्टीनं तोच वर्षातला सगळ्यात खोल महिना. आम्ही इतकी वर्षं फेब्रुवारीला घाबरत होतो, कारण तेव्हा दुकान रिकामं दिसतं.

मग हेच गणित उशिराच्या वाटणीनं केलं. शाळा लांबणार हे एप्रिलमध्ये माहीत नसतं, म्हणून ऑर्डरी नेहमीच्याच धरल्या. मेची विक्री ३७३ ऐवजी ३२५ येते. मालाचे ३११ आणि खर्चाचे ५५ जायचेच आहेत. म्हणजे मेमध्ये ७ उरण्याऐवजी ४१ कमी पडतात आणि खड्डा मेअखेर २०१ वर जातो. वर्षाची विक्री जवळजवळ तेवढीच, नफा जवळजवळ तेवढाच, पण दोन आठवड्यांच्या फरकानं चाळीस जास्त लागतात आणि एक महिना जास्त काळ लागतात. गेल्या वर्षी मेअखेरीस एका पुरवठादाराचे पैसे थकले होते ते का, हे या एका ओळीत मला दिसलं.

त्यामुळे बँकेत खेळत्या भांडवलाची मर्यादा मागताना १६० धरून चाललं नसतं. आम्ही २२० मागितली आणि परतफेड जूनअखेर न लिहिता जुलैअखेर लिहिली. अर्जासोबत महिनावार कोष्टक जोडलं, दोन्ही वाटण्यांचं. मर्यादा मंजूर होणं आणि ती पूर्ण वापरणं वेगळं. व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं, तेव्हा जास्तीच्या ६० चा भार फक्त वाईट वर्षीच पडतो.

मालाच्या बाजूनं दादानं पुरवठादाराशी बोलून मेच्या दप्तरांची ऑर्डर दोन हप्त्यांत केली. मोठा हप्ता एप्रिलअखेर पोचेल, धाकटा मेच्या मध्यावर, आणि धाकट्याची तारीख आठ दिवस आधी कळवून पुढे ढकलता येईल. त्यासाठी सूट थोडी सोडावी लागली. ढकलला तर मेमध्ये पडून राहणारा माल साधारण ३४ नं कमी होतो, आणि त्याचे पोचल्यावर द्यायचे पैसेही लांबतात, म्हणजे २०१ चा खड्डा थोडा उथळ होतो. वह्यांचं तसं केलं नाही. वह्या उशिरा का होईना जातातच, आणि हंगामाच्या तोंडावर कागदाचे भाव चढले तर दुसरा हप्ता महाग पडेल.

जानेवारी संपला तेव्हा प्रत्यक्ष विक्री २२१ झाली. तो एक आकडा आला आणि तिसऱ्या वर्षाच्या जुलैला पुढचे सहा महिने पूर्ण मिळाले. सूत्र एक ओळ खाली ओढलं: सरकती सरासरी २६५.३, निर्देशांक १३८.०. फेब्रुवारी संपला की तिसऱ्या वर्षाचा ऑगस्ट निघेल, आणि मे संपल्यावर नोव्हेंबर. नोव्हेंबरची मी वाट बघते आहे, कारण ते १२० चं बिल बाजूला ठेवण्याचा निर्णय बरोबर असेल तर तो ८० च्या आसपास यायला हवा.